शिंप्याला गिऱ्हाईक द्या, पोस्टमनला पत्ता द्या

प्रश्न: मी यंदाच बालवाडीच्या मोठ्या गटाला शिकवायला लागले. २४ मुलं, साडेचार ते साडेपाच वर्षांची. 'आपले मदतनीस' या विषयात पोस्टमन, नर्स, शेतकरी आणि शिंपी, चारही एकाच आठवड्यात घ्यायचे आहेत. पोशाख भाड्याने आणले, प्रत्येकाकडून दोन-दोन वाक्यं पाठ करून घेतली. वाक्यं म्हणून झाली की खेळ संपतो. मोकळं सोडलं तर स्टेथोस्कोपवरून मारामारी, आणि सगळे सगळ्यांना इंजेक्शन देत सुटतात. पुढच्या महिन्यात पालकांसमोर कार्यक्रम आहे. माझं काय चुकतंय?

उत्तर:

ताई, तुमच्या मुलांना खेळता येतं. तीच मुलं घरी भातुकलीत तास तास रमतात की नाही, हे त्यांच्या आयांना विचारून बघा. भातुकलीला कोणी पोशाख भाड्याने आणत नाही. तिथे पाहुणे येतात, त्यांच्यासाठी चहा टाकायचा असतो, तेवढ्यात बाळ रडतं आणि दूध उतू जातं. प्रत्येकाच्या हाताला काम असतं आणि ते काम दुसऱ्या कोणासाठी तरी अडलेलं असतं. तुमच्या पोस्टमनकडे टोपी आहे, पिशवी आहे, पण पत्राची वाट पाहणारं कोणी नाही. नर्सकडे स्टेथोस्कोप आहे, पण तिच्याकडे आलेल्या माणसाला काय होतंय हे कोणी ठरवलेलंच नाही. मग 'मी नर्स, मी रुग्णांची सेवा करते' एवढं म्हटल्यावर त्या पोरीने पुढे करायचं काय? तिच्या हातात वस्तू उरते, आणि वस्तूवरून भांडणं होणारच.

मी बावीस वर्षं बालवाडीत आहे. सुरुवातीची काही वर्षं पुण्यात, नंतर निफाड तालुक्यात. पहिली चार-पाच वर्षं मीही हेच करत होते, पोशाखासकट.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या दोन गोष्टी आधीच सांगते, नाहीतर पुढचं सगळं तुम्हाला लागू पडणार नाही. पहिली वेळेची. तुमचा तास वीस मिनिटांचा असेल तर हा खेळ जमणार नाही. 'तू गिऱ्हाईक झालास, मी शिंपी झाले' हे ठरवण्यातच मुलांची पहिली दहा मिनिटं जातात, आणि ती जाऊ द्यावी लागतात, कारण ते ठरवणं हाच खेळाचा अर्धा भाग आहे. सलग पाऊण तास मिळाला तर उत्तम. अर्ध्या तासात जेमतेम भागतं. दुसरी गोष्ट वयाची. साडेतीन वर्षांचं मूल कृतीची नक्कल करतं. कपाळाला हात लावेल, कात्रीसारखी बोटं चालवेल आणि त्यातच खूश असेल. त्याच्याकडून 'गिऱ्हाईक काय म्हणालं?' याची अपेक्षा धरू नका. तुमच्या गटाचं वय मात्र नेमकं योग्य आहे.

आणि चार मदतनीस एका आठवड्यात, हे मुख्याध्यापिकांशी बोलून मोडून काढा. माझ्या हिशेबाने एकाला किमान एक आठवडा, जमल्यास दोन. निवड करायचीच असेल तर मी शिंप्यापासून सुरू करीन. हा क्रम पाठ्यक्रमात कुठे मिळणार नाही, पण त्याला कारण आहे. शिंप्याचं काम मुलाच्या स्वतःच्या अंगाशी संबंधित आहे, ते डोळ्यासमोर पूर्ण होतं, आणि चुकलं तर चुकलेलं लगेच दिसतं. म्हणून एका वर्षी आम्ही शिंपी कसा खेळलो ते सविस्तर सांगते. बाकीच्या तिघांना त्यातलं काय लागू होतं ते नंतर.

सोमवारी आम्ही गावातल्या शिंप्याच्या दुकानात गेलो. सगळी एकदम नाही, आठ-आठच्या तीन खेपा, प्रत्येक खेप पंधरा मिनिटांची. आदल्या दिवशी मी एकटी जाऊन त्यांना सांगून आले होते की तुम्ही मुलांना माहिती सांगू नका. नेहमीचं काम करत राहा आणि फक्त एका मुलाचं माप घ्या. मोठी माणसं लहान मुलांसमोर भाषण सुरू करतात आणि हात थांबवतात. आपल्याला तर हातच बघायचे असतात. प्रत्येक खेपेला मी एकच काम दिलं होतं: 'काका टेप कुठे कुठे लावतात ते बघून या.' परत आल्यावर मुलांनी छाती, खांदा, बाही सांगितलं. शिवाय मी न विचारलेल्याही दोन गोष्टी सांगितल्या. काका आकडा मोठ्याने बोलतात आणि मग वहीत लिहितात, ही एक. आणि कापडाचा छोटा तुकडा कापून पावतीला टाचतात, ही दुसरी. त्या तुकड्याने आमचा पुढचा आठवडा तारला.

एक तिसरी गोष्टही त्यांनी पाहिली होती, ती मला दुसऱ्या दिवशी कळली. काका टाचण्या ओठांत धरतात. मंगळवारी आमचे दोन शिंपी तोंडात काडेपेटीच्या काड्या धरून बसले होते. तेव्हापासून मी दुकानदाराला आधीच विनंती करते की तेवढी पंधरा मिनिटं टाचण्या डबीत ठेवा.

मंगळवारी वर्गाच्या कोपऱ्यात दुकान मांडलं. एक बुटकं टेबल, एक पाट, खडू, जुनी वही, आणि पुस्तकांना कव्हर घालतो तो खाकी कागद. त्या कोपऱ्यात एका वेळी सहा मुलं: एक माप घेणारा, एक कापणारी, एक काज-बटणवाला आणि तीन गिऱ्हाइकं. बाकीची मुलं ठोकळे, माती, चित्र अशा आपल्या नेहमीच्या कोपऱ्यांत. चोवीसच्या चोवीस जणांना एकदम एकच खेळ द्यायला गेलात तर तुम्ही पोलीस होता, आणि तो मदतनीस यंदाच्या यादीत नाही.

मापाची टेप मी मुद्दाम ठेवली नाही. पहिल्या वर्षी ठेवली होती. मुलं ती गळ्यात घालायची, पोटाभोवती गुंडाळायची आणि 'पाच!' किंवा 'शंभर!' असं काहीतरी ओरडायची. आकड्याचा पुढे काही उपयोगच नसल्यामुळे ते नुसतं नाटक व्हायचं. आता मी दोन बोटं रुंदीच्या लांब कागदी पट्ट्या देते. पट्टी छातीभोवती फिरवायची, टोकं जिथे भेटतील तिथे कापायची. तेवढी पट्टी म्हणजेच माप. तिच्यावर गिऱ्हाइकाचं चिन्ह काढायचं, आमच्याकडे प्रत्येक मुलाच्या खुंटीवर असतं ते: आंबा, छत्री, घुबड वगैरे. पाच वर्षांच्या मुलाला सेंटिमीटर कळत नाही, पण 'या पट्टीएवढं' हे नक्की कळतं.

पावतीही अशीच. रंगीत कागदाचा तुकडा नागमोडी फाडायचा, अर्धा गिऱ्हाइकाला आणि अर्धा मापाच्या पट्टीला टाचायचा. न्यायला येताना दोन अर्धे जुळले तरच कपडा मिळणार. वाचता न येणाऱ्या मुलांना ही पावती खरी वाटते, कारण ती खरंच काम करते.

शिवायचं काय, तर बिनबाह्यांची बंडी. खाकी कागदाचा एक लांब तुकडा अंगाभोवती फिरवून पुढे जोडायचा, खांद्यावर दोन पट्ट्या चिकटवायच्या. एवढं सोपं असूनही पहिल्या दिवशी सगळ्या बंड्या फसल्या. माप घेणाऱ्या मुलाने पट्टी गिऱ्हाइकाच्या पुढूनच लावली होती, या काखेपासून त्या काखेपर्यंत. कापणारीने इमानदारीत तेवढाच कागद कापला. बुधवारी गिऱ्हाईक घालून बघायला आलं, तर पुढून बंडी आणि मागून पाठ उघडी.

इथे मी गप्प बसले, आणि ते सोपं नव्हतं. जिभेवर आलं होतं की 'बघा, माप गोल घ्यायचं असतं.' पण गिऱ्हाईक झालेली मुलगी स्वतःच मागे हात लावून म्हणाली, 'काका, माझी पाठ राहिली.' माप घेणारा जरा वेळ बघत राहिला. मग त्याने पट्टी पुन्हा घेतली, तिच्याभोवती फिरवायचा प्रयत्न केला, त्याचे हात पुरेनात, म्हणून तिलाच गोल फिरायला लावलं आणि पट्टी गुंडाळून घेतली. अर्ध्या तासात ही युक्ती सगळ्या दुकानात पसरली. गिऱ्हाइकं गिरक्या घेऊन माप देऊ लागली.

गुरुवारी दुसरी चूक. माप आता बरोबर होतं, कागद पट्टीएवढा तंतोतंत कापलेला, पण पुढे जोडायला गेलं की जोडता येईना. टोकावर टोक ठेवून, भोकं पाडून नाडी ओवायची तर कागद थोडा एकमेकांवर यावा लागतो. एका मुलाने जोर लावून ओवली, तर गिऱ्हाइकाने श्वास घेतल्याबरोबर बंडी टरकन फाटली. सगळे हसले. तो रडवेला झाला. मी त्याला घेऊन मधल्या सुट्टीत खऱ्या शिंप्याकडे गेले, फाटकी बंडी घेऊन. काकांनी एक अर्धवट शिवलेला सदरा उलटा केला आणि शिवणीच्या आतलं कापड दाखवलं. 'ही माया. माया ठेवल्याशिवाय कापायचं नाही.' तो वर्गात परत आला तो ओरडतच, 'माया ठेवा! माया ठेवा!' पुढे आमच्याकडे नियमच झाला. पट्टी कागदावर ठेवायची, टोकाच्या पुढे चार बोटं ठेवायची, तिथे खडूची रेघ, आणि मग कात्री.

बघा, या दोन चुकांमधून गोल माप, लांबीची तुलना आणि वाढीव कापड हे सगळं आलं. मी पाठ घेतला असता तर यातलं काही झालं नसतं. हे जमलं ते केवळ कपडा घालून बघणारं आणि तक्रार करणारं माणूस समोर होतं म्हणून. त्यामुळे मी गिऱ्हाइकाची भूमिका कधीच उरलेल्या मुलांना वाटत नाही. बोलकी, हट्टी मुलं मुद्दाम गिऱ्हाईक करते.

साहित्याच्या दोन-तीन बारीक गोष्टी. कापड देऊ नका. मुलांच्या बोथट कात्रीत कापड दुमडतं, कापलं जात नाही, आणि मूल चिडतं. वर्तमानपत्र भोकाशी फाटतं, खाकी कागद टिकतो. भोकं तुम्ही पंचिंग मशीनने पाडून द्या. ओवायला बुटाची नाडी सगळ्यात चांगली, कारण तिचं टोक कडक असतं. लोकर असेल तर टोकाला चिकटपट्टी गुंडाळा. सुटी बटणं ठेवायची तर मोठी ठेवा आणि मोजून ठेवा. वर्गात तीन वर्षांची भावंडं येऊन बसत असतील तर अजिबात ठेवू नका.

आता तुम्ही स्वतः काय करायचं? बाहेर उभं राहून 'शिंपी काय करतो?', 'त्याच्याकडे काय असतं?' असे प्रश्न विचारू नका. त्या क्षणी मूल शिंपी राहत नाही, विद्यार्थी होतं. खेळ अडला असेल तर आत जा, पण गिऱ्हाईक होऊन. मी शुक्रवारी गेले.

'शिंपीदादा, माझी बंडी झाली का हो?'

'नाही झाली.'

'अहो, उद्या लग्नाला जायचंय मला!'

'लाइट गेली होती. उद्या या.'

हे त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं. मागून काज-बटणवाली म्हणाली, 'नाही नाही, मी देते करून, तुम्ही बसा. पाणी घेता का?' मी पाणी प्याले, दोन मिनिटं बसले आणि उठून बाहेर आले. त्यांना माझी गरज उरली नव्हती. मुलं तुमच्याकडे न बघता एकमेकांशी बोलायला लागली की निघायचं. आपल्याला मजा येत असते म्हणून आपण बसून राहतो, आणि मग सगळं दुकान आपल्याभोवती फिरायला लागतं.

खेळ लागलाय की नाही, हे मी तीन खुणांवरून ओळखते. मुलं एकमेकांना दुरुस्त करतात: 'अगं, आधी पावती बघ!' आवाज बदलतो, 'या, बसा' असं मोठ्या माणसासारखं बोलतात. आणि दुसऱ्या दिवशी खेळ कालच्या जागेवरून पुढे सुरू होतो. याउलट वाक्य म्हणून झालं की मूल तुमच्याकडे बघत असेल, तर ते अजून तुमच्यासाठीच बोलतंय असं समजा.

आता तुमच्या नर्सकडे येते. स्टेथोस्कोप आठवडाभर कपाटात ठेवा. एकच वस्तू आणि चोवीस मुलं असं गणित असलं की दुसरं काही होणार नाही. तसंही लसीच्या दिवशी केंद्रावर येणारी नर्सताई बहुतेक वेळ काय करत असते? नाव विचारते, कार्ड बघते, वजन करते, रडणाऱ्या बाळाच्या आईला धीर देते, लिहिते, आणि लस दिल्यावर अर्धा तास थांबायला सांगते. हे सगळं खेळता येतं. एक वजनकाटा, घडी घातलेल्या पुठ्ठ्याची कार्डं, कापूस आणि बसायला एक बाक. बाकावर थांबलेली मुलंसुद्धा खेळात असतात. आमच्याकडे एक 'आई' बाहुलीला मांडीवर घेऊन दहा मिनिटं बसली होती आणि शेजारणीला सांगत होती, 'रात्री ताप येईल म्हणाल्या ताई.'

आणि इंजेक्शनांचा मारा थांबवू नका. मोठ्या गटातल्या बऱ्याच मुलांना पाचव्या वर्षीचा डीपीटीचा डोस नुकताच मिळालेला असतो किंवा मिळायचा असतो. ज्याला सुई टोचली जाते त्याला सुई टोचणारा व्हायचं असतं, त्यात गैर काही नाही. फक्त टोचल्यानंतर काय, एवढं विचारा. 'कापूस कोण धरणार? आता हिने किती वेळ थांबायचं?' दोन-तीन दिवसांत मारा आपोआप कमी होतो. पोलिओच्या रविवारची आठवण असलेली मुलं डाव्या हाताच्या करंगळीवर स्केचपेनने खूण करू लागतात. तो खेळ तर सगळ्यात शांत चालतो, कारण रांग लागते आणि प्रत्येकाला काहीतरी मिळतं.

दोन गोष्टी मात्र मी कटाक्षाने पाळते. औषध म्हणून चॉकलेटच्या गोळ्या किंवा बडीशेप कधीही देत नाही. औषधाची गोळी गोड असते आणि मागून खाता येते, हे आपल्या खेळातून त्यांच्या डोक्यात जायला नको. गोळ्या कागदावर काढायच्या, खायच्या खोट्या खोट्या. आणि सिरिंज, बिनसुईचीसुद्धा, वर्गात आणत नाही. स्केचपेनचं टोपण पुरतं. मुलगे नर्स व्हायला नाखूश असतील तर उपदेश करत बसू नका, दवाखान्यात 'सिस्टर' असतात तसे 'ब्रदर'ही असतात एवढं सांगा. आमच्याकडे 'ब्रदर' या शब्दानेच काम झालं.

पोस्टमनचा खेळ दोन मिनिटांत संपतो त्याला एकच कारण आहे. पत्रावर पत्ता नसतो. पिशवीतली पाकिटं समोर दिसेल त्याच्या हातात कोंबली की काम संपलं. म्हणून पत्रं खरी करा. मुलांनी एकमेकांसाठी चित्र काढायचं, घडी घालायची, वरून ज्याला द्यायचं त्याचं चिन्ह, आणि कोपऱ्यात तो ज्या रांगेत बसतो त्या रांगेचा रंग. पेटीतून पत्रं काढली की आधी तारखेचा ठसा (अर्ध्या बटाट्याचा चालतो), मग रंगाप्रमाणे गठ्ठे, मग एकेका रांगेचा बटवडा. आता पोस्टमन एकटा राहत नाही. ठसा मारणारा, गठ्ठे लावणारी, वाटणारा अशी तिघं-चौघं लागतात आणि प्रत्येकाचं काम आधीच्यावर अडलेलं असतं. मी मुद्दाम एक-दोन पत्रांवर वर्गात नसलेलं चिन्ह काढून ठेवते. त्या पत्राचं काय करायचं, यावर अर्धा तास खल चालतो.

तो कोपऱ्यातला रंग म्हणजे पिनकोडच. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, आणि तो बसवणारे टपाल खात्यातले श्रीराम भिकाजी वेलणकर आपलेच, शिवाय संस्कृतचे कवी. हे मुलांसाठी नाही, तुमच्यासाठी सांगतेय. पहिला आकडा विभागाचा. महाराष्ट्र आणि गोव्याचा ४, म्हणून आपल्याकडची सगळी पत्रं एकाच मोठ्या गठ्ठ्यात जातात. तुमच्या मुलांचा रंगांचा गठ्ठा तेच काम करतो.

शहरातल्या बऱ्याच मुलांनी पोस्टमन पाहिलेलाच नसतो. त्यांना सामान घेऊन येणारा दादा माहीत असतो. आमचा एक पोस्टमन पत्र हातात देण्याआधी म्हणाला, 'ओटीपी सांगा.' मी त्याला थांबवलं नाही. पण शेवटी खरं पोस्टकार्ड पाठवल्याशिवाय हा विषय मी संपवत नाही. ५० पैशांचं कार्ड, एका बाजूला मुलाचं चित्र, दुसऱ्या बाजूला त्याच्याच घरचा पत्ता, आणि पेटीत त्याच्याच हाताने. एका वर्षी चोवीसपैकी एक कार्ड पोचलंच नाही. चूक माझीच, मी घरक्रमांक उलटा लिहिला होता. ती मुलगी रोज विचारायची. तेव्हापासून पत्ते मी पालकांकडूनच लिहून घेते. वाट बघण्याच्या त्या दिवसांत 'मामाचं पत्र हरवलं' खेळा. तेव्हा त्या खेळाला वेगळीच धार येते.

शेतकरी सगळ्यात अवघड आहे. शिंप्याचं काम आठवड्यात संपतं, शेतकऱ्याचं हंगामात. नांगर चालवल्याचा अभिनय करून अर्ध्या मिनिटात पीक येत नाही, आणि मुलांनाही ते माहीत असतं. त्यामुळे तो स्वतंत्र आठवडा न धरता मी महिनाभर मागे चालू ठेवते. पहिल्याच दिवशी फळांच्या लाकडी खोक्यात मेथी पेरायची. तीन-चार दिवसांत उगवते. पाण्याच्या पाळ्या लावायच्या, तण काढायचं. एखाद्या शनिवारी-रविवारी पाणी राहिलं आणि मेथी माना टाकून बसली, तर ती सोमवारी मुलांना तशीच दिसू द्या. तीन-चार आठवड्यांनी उपटून जुड्या बांधायच्या आणि मगच बाजार मांडायचा. विकायला खरी जुडी असली की भाव करणारं गिऱ्हाईक लगेच तयार होतं.

आमच्याकडे अर्धी मुलं शेतकऱ्यांची. एकदा बाजाराच्या खेळात एका मुलाने जुड्या उचलल्या आणि म्हणाला, 'भाव नाही, फेकून देऊ.' वर्ग एकदम गप्प झाला. 'असं बोलू नये' म्हणायचा मोह झाला होता मला. पण मी गिऱ्हाईक म्हणूनच विचारलं, 'मग तुम्ही काय करता?' तो म्हणाला, 'गुरांना घालतो.' आणि त्याने खरंच कोपऱ्यातल्या लाकडी बैलापुढे जुड्या नेऊन ठेवल्या. खेळ पुढे सुरू झाला. घरात जे चाललंय ते मुलं खेळात आणतात. आपण तिथे थांबवायचंही नाही आणि कोरून विचारायचंही नाही. तक्त्यावरचा फेटेवाला, बैलजोडीवाला शेतकरी लावणार असाल तर शेजारी खुरपणी करणाऱ्या बायकांचं चित्रही लावा. आमच्या मुलींनी त्या तक्त्याकडे बघून सांगितलं होतं, 'आमच्याकडे शेतात आईच असते.'

राहिला कार्यक्रम. चारही मदतनीस रंगमंचावर आणायचा आग्रह सोडा आणि वाक्यं पाठ करून घेऊ नका. जे मुलं पाच-सहा दिवस खेळली आहेत त्यातला एक तुकडा उचला. आम्ही त्या वर्षी बंडीचं दुकान मांडलं होतं. पहिलं गिऱ्हाईक पाठ उघडी बंडी घालून पालकांकडे पाठ करून उभं राहिलं, दुसऱ्याची बंडी सगळ्यांसमोर टरकन फाटली, आणि मग तो माया-माया ओरडणारा पुढे आला. संवाद दर वेळी वेगळे होत होते, त्यामुळे कोणी विसरण्याचा प्रश्नच नव्हता. फक्त एक तयारी ठेवा: फाटण्यासाठी जास्तीच्या तीन-चार बंड्या. आमच्या दुकानदाराला पुन्हा पुन्हा फाडून दाखवायची हौस आली होती, आणि शेवटच्या गिऱ्हाइकाला खरोखरच 'उद्या या' सांगावं लागलं.